ओल्या स्लॅबखालचे जॅक: सकाळचा टूलबॉक्स टॉक

जागा: अनगोळ, बेळगाव, तळमजला अधिक दोनचं घरकाम. मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी साडेआठ. हजर: सेंट्रिंगची टोळी, गवंडी, बारबेंडर, पाणी मारणाऱ्या बायका, वॉचमन.

या, सगळे इकडं सावलीतनं उन्हाला या. परशराम, ती मशीन बंद कर जरा. दहा मिनिटं लागतील, जास्त नाही.

काल संध्याकाळी मी गेल्यावर हॉलच्या स्लॅबला खालनं टेकू देणारे चार लोखंडी जॅक निघालेत. ब्लॉकची ट्रॉली आत जाईना म्हणून काढले आणि रात्री परत लावले, असं वॉचमनमामांनी सांगितलं. कुणी काढले ते विचारत नाही. ब्लॉक आत घ्यायचे होते हे मलाही कळतं. पण जॅक का काढायचा नाही, हे एकदा नीट सांगतो. मग पुढच्या वेळी ट्रॉली अडली तर मला फोन कराल, जॅकला हात लावणार नाही.

हॉल चौदा बाय अठरा फूट, स्लॅब पाच इंची. नुसत्या काँक्रीटचं वजन सात टनांच्या वर जातं. लक्ष्मीअक्का वर आळी बांधून दोन इंच पाणी ठेवतात, त्याचं आणखी एक टन. हे सगळं आज कशावर उभं आहे? भिंतीवर नाही, बीमवर नाही. जॅकवर उभं आहे. स्लॅब शुक्रवारी टाकला, आज चौथा दिवस.

बाबू मेस्त्री म्हणतील, साहेब, वर चालून बघा, दगड झालाय की. झालाय, पायाखाली दगडच लागतो. पण शहाबादी फरशी जमिनीवर टाकली तर तिच्यावर बैल उभा राहतो, आणि तीच दोन विटांवर आडवी ठेवून मधे पाय दिला की कडकन मोडते. दाब सोसणं वेगळं आणि वाकणं सोसणं वेगळं. स्लॅबमध्ये वाकण्याचा ताण सळी घेते, पण काँक्रीटनं सळीला घट्ट धरलं तरच. ती पकड आज कच्ची आहे. सात दिवसांत ताकद साधारण दोन-तृतीयांशापर्यंत येते, पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी धरतात. तीही नीट पाणी मारलं तर.

काय म्हणालास, मल्लप्पा? सात दिवसांत काढतात सगळीकडं? बरोबर, काँक्रीटच्या कामाचं सरकारी नियमपुस्तक आहे, आयएस ४५६, त्यात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंना सात दिवस लिहिलेत. त्याच्यावर गेला तर चौदा. बीम सहा मीटरपर्यंत चौदा, पुढं एकवीस. पण ते आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे, आणि हवा पंधरा डिग्रीच्या खाली जात नसेल तेव्हाचे. आपण वापरतोय पीपीसी सिमेंट, ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. आणि बेळगावची डिसेंबरची रात्र काय असते ते वॉचमनमामांना विचारा, पहाटे शेकोटी पेटवल्याशिवाय बसवत नाही त्यांना. थंडीत काँक्रीट मागं राहतं. म्हणून या साइटवर सगळ्या स्लॅबला चौदा दिवस. लहान बेडरूमलाही. तिळीतेन्री? कळलं ना?

आता खालच्या मजल्याचं, कारण इथंच जास्त गडबड होते. पहिला स्लॅब जुना झाला, त्याच्या खालचे जॅक खानापूरच्या साइटला पाठवूया, असा सेंट्रिंगच्या मालकांचा परवापासून फोन आहे. भाडं रोज चढतंय, त्यांचं दुखणं मला मान्य आहे. पण हिशोब बघा. घराच्या स्लॅबवर माणसं, सामान म्हणून चौरस मीटरला दोनशे किलो धरलेत. वरचा ओला स्लॅब एकटाच तीनशेच्या वर भरतो, शिवाय प्लेटा, जॅक, माणसं. वरच्या जॅकचं ओझं येतं खालच्या स्लॅबवर, आणि त्याच्याखालचे जॅक ते जमिनीपर्यंत नेतात. मधली कडी काढली की जुना स्लॅबही वाकतो. म्हणून दोन्ही मजल्यांचे जॅक राहणार, आणि वरचा जॅक खालच्या जॅकच्या बरोबर डोक्यावर पाहिजे. मालकांशी मी बोलतो. तुम्ही कुणी हो म्हणून टेम्पो भरू नका.

काढून परत लावला तर काय बिघडतं? दोन गोष्टी. काढला त्या घटकेला स्लॅब खाली बसतो, केसाएवढा का असेना, आणि तो बाक परत सरळ होत नाही. पुढं खालच्या बाजूला चीर दिसते, गिलावा फुगतो. दुसरं, परत लावताना कुणी सैल लावतो, तो जॅक नुसता शोभेला. कुणी हातोड्यानं ठोकून इतका आवळतो की स्लॅब वर उचलला जातो आणि वरच्या अंगाला तडा जातो, तिथं तर सळीच नाही. ते चार जॅक मी सकाळी हातानं हलवून बघितले. तीन बरे आहेत, खिडकीकडचा खुळखुळतोय. बाबू मेस्त्री, हे संपलं की तुम्ही आणि मी तिथं जाऊ, दुसऱ्या कुणी आवळायचा नाही.

त्याच जॅकला पिनच्या जागी आठ एमएमच्या सळीचा तुकडा घातलाय. तसले दोन अजून जिन्याजवळ सापडले. ती सळी वाकते आणि आतला पाइप सर्रकन खाली येतो. आज दुपारपर्यंत सगळ्या पिना कंपनीच्या पाहिजेत, गोदामात डबा भरून पडलाय.

तळमजल्यावर अजून पीसीसी, म्हणजे जमिनीवरचा साध्या काँक्रीटचा थर, नाही, जॅक मुरुमावर उभे आहेत. वरचं पाणी झिरपून खाली येतं, मुरुम मऊ होतो, जॅक रुततो आणि वर सैल पडतो. खाली फळी आहे, पण परशराम, रोज सकाळी सगळ्या फळ्यांवरनं नजर टाकायची. कुठली तिरकी झाली तर आधी सांग.

काढायचा दिवस येईल तेव्हा मधनं सुरू करून भिंतीकडं यायचं. उलटं केलं, कडेचे काढून मधला एकच ठेवला, की स्लॅब त्या एका जॅकवर टांगला जातो. गॅलरीचं मात्र वेगळं: तिची मुख्य सळी वर आहे, ती बाहेरच्या टोकाकडनं सोडायची, आत येत यायचं. आणि गॅलरी लवकर सुटणार नाही, वरचा कठडा होऊन माझी सही पडेपर्यंत नाही.

वर ब्लॉकची थप्पी लावलीय ती आधी उतरवा. सहा इंची एक ब्लॉक पंचवीस किलोच्या आसपास, शंभर ब्लॉक एका जागी म्हणजे अडीच टन. रचायचेच असतील तर बीमच्या डोक्यावर, पसरून, तेही चौदा दिवसांनंतर.

तारखा दाराच्या चौकटीवर लाल खडूनं लिहिल्यात. स्लॅब १९ डिसेंबर, पार्किंगच्या पुढचा लांब बीम २६ डिसेंबर. त्या आधी एकही जॅक हलणार नाही, आणि त्या दिवशीही मी आल्याशिवाय नाही. अडचण आली, कुठं कट्ट असा आवाज आला, जॅक वाकलेला दिसला, तर आधी खालची माणसं बाहेर काढा, मग मला फोन करा. खाली जाऊन टेकू द्यायला धावू नका.

कुणाला काही विचारायचंय? नाही? मग वहीत सह्या करा. लक्ष्मीअक्का, आळ्यात पाणी कमी झालंय, पाइप सोडा. ट्रॉलीसाठी मागच्या बाजूनं वाट करतो, तिथला पालापाचोळा दोघांनी साफ करा.