प्रकाशसंश्लेषण: परीक्षेपूर्वीचे एका पानाचे उजळणीपत्रक (इयत्ता अकरावी, जीवशास्त्र)

धडा एकदा सावकाश वाचून झाला आहे, असे गृहीत धरून हे पान तयार केले आहे. वाचताना दोनच प्रश्न मनात धरावेत: बाहेर पडणारा ऑक्सिजन कोठून आला आणि आत घेतलेला कार्बन कोठे गेला? या दोन वाटा नीट कळल्या की धड्यातील बहुतेक नावे आपोआप आपापल्या जागी बसतात.

समीकरण

6CO₂ + 12H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂ + 6H₂O (प्रकाश व हरितद्रव्य यांच्या साहाय्याने)

पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंना आहेत म्हणून ते वजा करून टाकण्याचा मोह आवरावा. सहा ऑक्सिजन रेणूंमध्ये बारा अणू असतात आणि ते सर्व पाण्यातूनच येतात, ही गोष्ट डावीकडील बारा पाण्याच्या रेणूंमुळेच स्पष्ट दिसते. रूबेन आणि केमेन यांनी 1941 मध्ये ऑक्सिजन-18 हे समस्थानिक वापरून हाच निष्कर्ष काढला होता.

ओघतक्ता

```
सूर्यप्रकाश + पाणी
        ↓
थायलॅकॉइड पटल: प्रकाश अभिक्रिया
पाण्याचे विघटन → ऑक्सिजन (बाहेर)
        ↓
एटीपी + एनएडीपीएच
        ↓
स्ट्रोमा: केल्विन चक्र  ← CO₂ (पर्णरंध्रांतून)
        ↓
तीन कार्बनी शर्करा → ग्लुकोज, सुक्रोज, स्टार्च

परतीची वाट: एडीपी, फॉस्फेट व एनएडीपी+
स्ट्रोमातून पुन्हा थायलॅकॉइड पटलाकडे
```

तक्ता काढताना परतीची वाट विसरू नये. ती नसेल तर प्रकाश अभिक्रियेला लागणारा कच्चा माल संपतो, आणि प्रखर उन्हातही ती का थांबू शकते याचे उत्तर देता येत नाही.

प्रकाश अभिक्रिया

प्रकाशप्रणाली दोनमधील पी-680 हे अभिक्रिया केंद्र प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन गमावते आणि ती उणीव पाण्याच्या विघटनातून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी भरून निघते. हे इलेक्ट्रॉन वाहकांच्या साखळीतून प्रकाशप्रणाली एककडे (पी-700) जातात, तेथे प्रकाशाने पुन्हा उत्तेजित होतात आणि अखेर एनएडीपी+ चे एनएडीपीएचमध्ये रूपांतर करतात. या प्रवासात थायलॅकॉइडच्या पोकळीत प्रोटॉन साठतात. ते एटीपी सिंथेज या विकरातून स्ट्रोमाकडे परतताना एटीपी तयार होते. प्रणाली दोन आधी आणि एक नंतर, हा क्रम विद्यार्थ्यांना उलटा वाटतो, कारण क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले आहेत, कार्याच्या नव्हे. चक्रीय मार्गात केवळ प्रणाली एक काम करते. त्यातून एटीपी मिळते, परंतु एनएडीपीएच किंवा ऑक्सिजन मिळत नाही.

केल्विन चक्र

पाच कार्बनी आरयूबीपीला रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड जोडते आणि तीन कार्बनी पीजीएचे दोन रेणू मिळतात (स्थिरीकरण). एटीपी व एनएडीपीएच खर्ची पडून त्यांची तीन कार्बनी शर्करा बनते (क्षपण), आणि त्यातील बराच भाग पुन्हा आरयूबीपी घडवण्यासाठी वापरला जातो (पुनर्निर्मिती). एका ग्लुकोजसाठी चक्राच्या सहा फेऱ्या, 18 एटीपी आणि 12 एनएडीपीएच लागतात. हे आकडे पाठ असावेत. ‘अंधारातील अभिक्रिया’ हे जुने नाव दिशाभूल करते, कारण हे चक्र रात्रीची वाट पाहत नाही. त्याला प्रकाशाची थेट गरज नसली तरी दिवसाच तयार झालेल्या एटीपीवर ते चालते.

महत्त्वाच्या संज्ञा

*हरितद्रव्य अ* हे मुख्य रंगद्रव्य असून ते निळा-जांभळा व लाल प्रकाश अधिक शोषते. *हरितद्रव्य ब* आणि कॅरोटिनॉइड्स ही साहाय्यक रंगद्रव्ये आहेत.

*ग्राना* म्हणजे थायलॅकॉइडच्या चकत्यांच्या चळती, तर *स्ट्रोमा* म्हणजे त्यांच्याभोवतीचा द्रव.

*प्रकाशश्वसन*: रुबिस्को कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते तेव्हा शर्करा तयार होत नाही, उलट आधी स्थिर केलेला काही कार्बन बाहेर जातो. उष्ण, कोरड्या हवेत पर्णरंध्रे मिटलेली असताना हे अधिक घडते.

*सी-4 वनस्पती*: ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी. यांच्या पर्णमध्य पेशींत पेप कार्बोक्झिलेज हे विकर कार्बन पकडते, पहिले स्थिर संयुग चार कार्बनी असते, आणि तो कार्बन शिरांभोवतीच्या आवरण पेशींत नेऊन रुबिस्कोच्या हाती दिला जातो. म्हणून प्रकाशश्वसन जवळजवळ टळते. मोबदल्यात एका ग्लुकोजमागे 30 एटीपी लागतात. भात आणि गहू सी-3 गटातील आहेत. या दोन गटांची तुलना लिहिताना उसाच्या आणि भाताच्या पानाचे छेद शेजारी काढावेत, कारण आवरण पेशींतील फरक चित्रातच सर्वांत स्पष्ट दिसतो.

*मर्यादाकारक घटक* (ब्लॅकमन, 1905): अनेक घटकांवर अवलंबून असलेल्या क्रियेचा वेग सर्वांत अपुऱ्या घटकावरून ठरतो. आलेखात रेषा आडवी झाली की प्रकाश पुरेसा असून आता कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान अडथळा ठरत आहे, असे लिहावे.