वार्षिक सर्वसाधारण सभा: 2024-25 च्या दूध संकलनाचा व बिलांचा हिशोब

सन्माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सकाळची धार काढून वेळेत आलेल्या सर्व सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार.

अहवालाची पुस्तिका आठवड्यापूर्वी घरोघरी पोचली आहे, म्हणून ती सगळी वाचत बसत नाही. दूध किती आलं आणि पैसे कुठं गेले, एवढंच बोलतो.

1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या वर्षात संस्थेकडे 6 लाख 99 हजार 565 लिटर दूध आलं. सात लाखाला 435 लिटर कमी पडले, म्हणजे एका सांजेच्या संकलनाचं निम्मं. जुलैत भोगावतीचं पाणी रस्त्यावर आलं आणि दोन सांजा टेम्पो निघालाच नाही. त्या निघाल्या असत्या तर सात लाख कधीच पार झाले असते. त्या दोन सांजांचं दूध तुम्ही घरी खवा करून संपवलंत, काहींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, पण संस्थेकडं भरपाईसाठी कुणी भांडायला आलं नाही. त्याबद्दल आभार मानतो.

गेल्या वर्षापेक्षा 28 हजार 365 लिटर वाढ आहे. पण या वाढीवर मी खूश नाही. गायीचं दूध 40 हजार 845 लिटरनं वाढून 4 लाख 17 हजार 925 झालं. म्हशीचं मात्र 12 हजार 480 लिटरनं घटून 2 लाख 81 हजार 640 वर आलं. आपल्या भागाचं नाव म्हशीच्या दुधावर आहे आणि गोठ्यातली म्हैस कमी व्हायला लागलीय. कारणं तुम्हाला माहीत आहेत. म्हशीचा माज मुका असतो, एक चुकला की तीन आठवडे गेले. गाभण काळ गायीपेक्षा महिनाभर जास्त. वैरण तेवढीच लागते आणि घरातली पोरं एमआयडीसीत.

आता पैसे. म्हशीच्या दुधाला सरासरी 54 रुपये 20 पैसे पडले, त्याचे झाले 1 कोटी 52 लाख 64 हजार 888. गायीला सरासरी 32 रुपये 60 पैसे, त्याचे 1 कोटी 36 लाख 24 हजार 355. एकूण बिल 2 कोटी 88 लाख 89 हजार 243 रुपये. यातून पशुखाद्याचे 41 लाख 36 हजार 500 आणि उचलीचे 22 लाख 18 हजार कापले. उरलेले 2 कोटी 25 लाख 34 हजार 743 रुपये तुमच्या बँक खात्यावर जमा झाले. "बिल एवढं आणि हातात एवढंच कसं" हा प्रश्न दर दहा दिवसांनी खिडकीवर येतो. शंभरातले 22 रुपये पेंडीला आणि उचलीला जातात, हे त्याचं उत्तर.

वर्षात 36 बिलं निघाली. 35 वेळेवर. ऑक्टोबरमधलं दुसरं बिल चार दिवस उशिरा पडलं, तेही दिवाळीच्या तोंडावर. बँकेला दिलेल्या यादीत खाते क्रमांकाची एक ओळ वरखाली झाली होती. ती यादी मी केली होती, दोष माझाच. आता यादी दोघांनी तपासल्याशिवाय जात नाही.

गायीच्या दुधाचं शासकीय अनुदान या हिशोबात धरलेलं नाही, ते थेट खात्यावर येत होतं. कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद नसल्यामुळे अकरा सभासद त्याला मुकले. जनावर विकत आणलं की नोंद आपल्या नावावर करून घ्या.

फॅटबद्दल एक बोलायलाच हवं. "मशीन फॅट मारतंय" असं कट्ट्यावर बोलण्यापेक्षा खिडकीवर बोला, त्याच नमुन्याची तुमच्यासमोर दुसऱ्यांदा तपासणी करू. पण एक गोष्ट घरीही बघा. सुरुवातीची धार पातळ असते, खरी फॅट शेवटच्या धारेत उतरते. रेडकाला शेवटी पाजायला सोडलं की ती फॅट रेडकू नेतं. त्याला आधी पाजा, उपाशी मात्र ठेवू नका. आणि बादली-किटलीतलं दूध नमुना घेण्याआधी नीट ढवळू द्या, घाई करू नका.

फरक म्हशीला लिटरमागं 2 रुपये आणि गायीला 1 रुपया द्यावा, अशी संचालक मंडळाची शिफारस आहे. एकूण 9 लाख 81 हजार 205 रुपये होतात. सभेनं मंजुरी दिली तर वसुबारसेच्या आत खात्यावर पडतील. ज्या माउल्या स्वतः धार काढतात पण खातं मालकाच्या नावावर आहे, त्यांनी आज जाताना स्वतःच्या खात्याचा अर्ज न्यावा. मालकांनी हसू नये, तुमच्यापैकी निम्म्यांना म्हैस कुठल्या वेताची आहे हे सांगता येणार नाही.

सभासदनिहाय दूध आणि बिलाची यादी पाठीमागच्या टेबलावर ठेवली आहे. आपापलं नाव बघा, आकड्यात फरक वाटला तर आत्ताच सांगा, मी इथंच आहे. अहवाल आणि फरकाचा ठराव मंजुरीसाठी सभेपुढं ठेवतो. सूचक आणि अनुमोदकांनी हात वर करावेत.