शिवणकाम उपजीविका कार्यक्रम, पुणे : बेसलाइन आणि एंडलाइन प्रश्नावली

सर्वेक्षक ताईंनो, घरात शिरण्याआधी हे वाचा

जनता वसाहत, दांडेकर पूल आणि कासेवाडी मिळून २४० अर्ज आलेत, मशिनी बघता जागा १२०. बेसलाइन सगळ्या २४० जणींची, २ ते १४ फेब्रुवारी २०२६. चिठ्ठ्या त्यानंतर, २२ फेब्रुवारीच्या रविवारी, वस्तीत सगळ्यांसमोर. पहिल्या १२० जणी लगेच शिकतील, उरलेल्यांची तुकडी मार्च २०२७ मध्ये बसेल. हा क्रम मोडायचा नाही. नंबर लागल्याचं कळल्यावर बाई एक उत्तर देते, न लागल्याचं कळल्यावर दुसरंच.

एंडलाइन १ ते १३ फेब्रुवारी २०२७, पुन्हा त्याच २४० जणींची. महिना तोच ठेवलाय, कारण गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत ब्लाउजांची रीघ असते आणि जूनमध्ये गणवेशांची. फेब्रुवारीची तुलना दिवाळीशी केली तर कुठलाही वर्ग यशस्वी दिसेल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठही आहे, लग्नं मागेपुढे होतील. पण त्याचा फटका दोन्ही गटांना बसेल. म्हणून आपण फरकातला फरक बघणार : समजा शिकलेल्यांची महिन्याची कमाई सरासरी १,८०० रुपयांनी वाढली आणि थांबलेल्यांचीही ७०० ने वाढली, तर कार्यक्रमाच्या खात्यावर १,१०० च मांडायचे.

चिठ्ठीत नाव निघालं पण वर्ग अर्धवट सोडला, अशी बाई पहिल्या गटातच राहील. तिला वगळलं की मागे फक्त चिकाटीच्या बायका उरतात, आणि मग आपण मोजतो ती त्यांची चिकाटी.

वर्गावर शिकवणाऱ्या ताईंनी मुलाखत घ्यायची नाही. त्यांच्या तोंडावर कोण म्हणेल, काही फायदा झाला नाही म्हणून? नवरा किंवा सासू जवळ बसली तर आधी प्रश्न १२, १३ आणि १७ उरका, पैशांचे प्रश्न ती एकटी असताना विचारा. दारावर गेल्यावर आपलं नाव सांगा आणि पुढचं जसंच्या तसं वाचा.

संमती

"ताई, शिवणकामाच्या कार्यक्रमासाठी तुम्ही अर्ज केलाय, त्याबद्दल विचारायला आले आहे. साधारण ४० मिनिटं लागतील. तुमच्या उत्तरांवरून नंबर लागणार किंवा जाणार नाही, तो चिठ्ठीनेच ठरेल. कमाई कमी सांगितली म्हणून जास्त मदत मिळत नाही. कुठला प्रश्न नको वाटला तर सोडा, मध्येच थांबायचं असेल तर थांबू. तुमचं नाव अहवालात येणार नाही. विचारू का?"

एंडलाइनला फक्त पहिलं वाक्य आणि चिठ्ठीचं वाक्य बदलेल : "गेल्या वर्षी आपण बोललो होतो, तेच प्रश्न पुन्हा विचारायला आले आहे" आणि "तुमच्या उत्तरांवरून पुढच्या तुकडीतली कुणाची जागा जाणार नाही."

भाग अ : फक्त बेसलाइनला

१. वय किती? शाळा कितवीपर्यंत?
२. एका चुलीवर जेवणारी माणसं किती? त्यात १४ वर्षांखालची किती?
३. तुमचा फोन सांगा. घर बदललंत तरी तुमचा ठावठिकाणा ज्यांना माहीत असेल अशा दोघांचेही सांगा, एक माहेरचा.

(तिसरा प्रश्न कंटाळून सोडू नका. वर्षभराने ज्या बायका सापडत नाहीत, त्या बहुधा सगळ्यात अडचणीतल्या असतात.)

भाग आ : दोन्ही वेळी, दोन्ही गटांना, शब्द न बदलता

४. गेल्या ७ दिवसांत पैशांसाठी कोणकोणतं काम केलंत? धुणी-भांडी / स्वयंपाकाची कामं / शिवणकाम / डबे, पोळी-भाजी / भाजी किंवा फुलं विकणं / दुकानात, कंपनीत / इतर / काहीच नाही. (सगळे पर्याय वाचा. "मी घरीच असते" म्हणणारी बाई दिवसाला चार फॉल लावत असते.)
५. त्यात किती दिवस गेले, आणि रोज साधारण किती तास?
६. जानेवारीत शिवून दिलेले नग किती आणि प्रत्येकी शिलाई किती? साधा ब्लाउज / अस्तराचा ब्लाउज / ड्रेस / फॉल-पिको / दुरुस्ती / कारखान्याचं नगावरचं काम. (प्रत्येक प्रकार वेगळा विचारा, वही असेल तर बघायला मागा.)
७. त्यातले किती रुपये हातात आले, किती उधारीत राहिले?
८. जानेवारीत अस्तर, दोरा, हुक, मशीनची दुरुस्ती, वीज आणि सामान आणायला रविवार पेठेत जाण्या-येण्याचं भाडं, याला किती गेले?

(नफा विचारू नका, तो आपण कार्यालयात काढू. "सुटतात दोन-तीन हजार" हे उत्तर दोन्ही वर्षी सारखंच येतं, मधल्या काळात काहीही घडलेलं असो.)

९. शिवणकाम सोडून तुमच्या स्वतःच्या इतर कामाचे जानेवारीत किती मिळाले?
१०. जानेवारीत सरकारी योजनेचे पैसे जमा झाले का? लाडकी बहीण / पेन्शन / इतर / नाही. किती?

(हे कमाईत मिसळायचे नाहीत. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये सुरू झाले. अशी रक्कम मध्येच सुरू झाली किंवा थांबली आणि आपण ती वेगळी लिहिली नाही, तर सरकारचे पैसे आपल्या वर्गाचं यश होऊन बसतील.)

११. पीएम विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवलंत का? त्यातून अवजारं किंवा कर्ज मिळालं का? (२०२३ पासूनच्या या योजनेत शिंपीकामही आहे.)
१२. गेल्या १२ महिन्यांत दुसरीकडे कुठे शिवण शिकलात का? किती दिवस?
१३. मशीन कोणाची वापरता? स्वतःची / भाड्याची / शेजारणीची / नाहीच. पायाची की मोटरची?
१४. जानेवारीत भिशी, बचत गट किंवा बँकेत किती टाकले? हप्ते कोणकोणाचे आणि किती भरले?
१५. उद्या अचानक ५,००० रुपये लागले तर आठ दिवसांत कुठून उभे कराल? स्वतःची शिल्लक / गट, भिशी / माहेर, नातेवाईक / मालकीण / दागिना गहाण / सावकार / जमणार नाही. (पर्याय वाचू नका, पहिलं उत्तर नोंदवा.)
१६. तुमच्या कमाईतून घरखर्चापलीकडचं काही घ्यायचं तर कोण ठरवतं? मी / नवरा / दोघं / सासू-सासरे / इतर.
१७. गेल्या १२ महिन्यांत घरात यातलं काय झालं? मोठं आजारपण / कुणाचं काम सुटलं / नवीन कुणी कमवायला लागलं / बाळंतपण / लग्न / घर बदलावं लागलं.

भाग इ : फक्त एंडलाइनला, भाग आ संपल्यावरच

(आधी विचारलं तर बाई मागची सगळी उत्तरं आपल्याला बरं वाटावं म्हणून देते.)

१८. आमच्या वर्गाला आलात का? किती आठवडे? (थांबलेल्या गटालाही विचारा, एखादी बहिणीच्या नावावर येऊन बसलेली असते.)
१९. मध्ये सोडलं असेल तर कशामुळे?
२०. वर्गात शिकलेल्या कुणी तुम्हाला कटिंग दाखवलं, जास्तीचं काम दिलं, की तुमची गिऱ्हाईकं तिच्याकडे गेली? (थांबलेल्या गटासाठी. काम दिलं असेल तर आपला परिणाम आकड्यात कमी दिसेल, गिऱ्हाईकं ओढली असतील तर फुगेल.)
२१. वर्षभरात तुमच्या कामात काय बदललं? (तिचेच शब्द लिहा.)
२२. वर्ग नसता तर यातलं काय तरीही झालं असतं?

मुलाखत संपल्यावर पहिलं पान वस्तीतच तपासा. दर दहा घरांमागे एका घरी पर्यवेक्षक ताई दोन दिवसांत जाऊन प्रश्न ६, ७ आणि १० पुन्हा विचारतील. उत्तरात तफावत आली तर दोन्ही आकडे ठेवायचे, आधीचा खोडायचा नाही.