रेडियमची पट्टी

सांगलीत पावसाळा सरला की आमच्यासारख्यांना राज्य नाट्य स्पर्धेचे वेध लागतात. तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये, रात्री साडेआठला. कुणी दुकान बंद करून येतं, कुणी क्लास संपवून. चौदा माणसं. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट नेपथ्याला आणि टेम्पोला वर्गणी काढायची. साडेनऊला सर टाळी वाजवायचे, "दहा मिनिटं ब्रेक!" की पोरं कोपऱ्यावरच्या टपरीकडं पळायची.

मी पतसंस्थेत कॅशियर. अण्णा वायरमन, आणि आमच्याकडं प्रकाशयोजना त्यांची. पहिले पंधरा दिवस आमचं बोलणं "जेवलात का?" आणि "व्हय, आत्ताच" याच्या पुढं गेलं नव्हतं.

नाटक पुराचं. आमच्याच सरांनी लिहिलेलं. पहिल्या अंकाच्या शेवटी मी अडीच फुटांच्या लेव्हलवर पाठमोरी उभी, खाली घरात पाणी शिरलंय, आणि ब्लॅकआउट. त्या अंधारात तीन पायऱ्या उतरून मला डाव्या विंगेत जायचं होतं. पहिल्यांदा हॉलचे सगळे दिवे मालवून ते करून बघितलं, तेव्हा माझा पाय उचललाच गेला नाही. सर अंधारात "ताई, निघा" म्हणतायत आणि मी लेव्हलवर खांबासारखी.

ब्रेकमध्ये अण्णा हातात रेडियमच्या टेपचं रीळ घेऊन आले. खिशातला चाकू काढून त्यांनी बोटाच्या पेराएवढे तुकडे कापले, प्रत्येक पायरीच्या कडेला एकेक चिकटवला, अंगठ्यानं दाबून हवा काढली. मग म्हणाले, "लाइट जायच्या आधी डोळं मिटून घ्या ताई. पाठ आहे तुमची, कोण बघतंय. तीन आकडं मोजा. मग उघडा. डोळ्यांना अंधार आधीच ठाऊक झाला की तो भ्या दाखवत न्हाई."

करून बघितलं. हिरवट तीन ठिपके दिसले आणि मी उतरले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं. अण्णा मागच्या जिन्यावर बसले, मी दोन पायऱ्या सोडून बसले, आणि त्या दिवशी ब्रेक पस्तीस मिनिटांचा झाला.

त्यांना शिकवलं होतं जत्रेतल्या नाटकांना लाइट करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. अण्णा तेव्हा नववीत. त्या म्हाताऱ्याकडं मिठाच्या पाण्याचा डिमर होता. मी ऐकलंसुद्धा नव्हतं. चिनी मातीच्या उभ्या नळकांड्यात मिठाचं पाणी, तळाशी एक धातूची चकती, वरून दोरीला बांधलेली दुसरी. दोरी सैल सोडली की वरची चकती खाली जाते, दोघींमधलं अंतर कमी होतं, दिवा उजळतो. ओढून घेतली की मंदावतो. "पाणी तापायचं ओ. अंक लांबला की वाफ निघायची. मीठ जास्त पडलं तर दिवा मंद होतच न्हाई, कमी पडलं तर पुरता उजळत न्हाई. म्हातारा जिभेवर थेंब घेऊन सांगायचा, चिमूटभर घाल म्हणून. आधी मेन बंद करायचा, मग चाखायचा." हे सांगताना अण्णांच्या हातात खरीच दोरी असल्यासारखी बोटं वर-खाली होत होती. आता त्यांच्यापुढं बटणांचा बोर्ड असतो, पण बटण सरकवतानाही ते खांदा तसाच किंचित खाली सोडतात. ते दिसल्यापासून मला तालमीत दुसरं काही दिसेना.

"तुमचं काय ओ?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. "दिवसभर नोटा मोजून कंटाळा येत न्हाई?"

मला हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. घरी विचारतात ते "कॅश लागली का?" एवढंच, कारण कमी भरली तर खिशातून घालावी लागते. मी सांगत गेले. मशीन असलं तरी मी गड्डी एकदा हातानं मोजतेच. मोजताना आकडे मनात म्हणत नाही, शंभरावी नोट आली की अंगठा आपोआप थांबतो. खोटी नोट डोळ्यांना कळायच्या आधी बोटाला कळते, गुळगुळीत लागते, खऱ्या नोटेवरची उठावाची छपाई हाताला लागतेच. मासळीवालीच्या नोटा ओलसर असतात. हळदीच्या पेठेतून आलेल्या नोटांनी बोटं पिवळी होतात, आणि जेवायच्या सुट्टीत डबा उघडला तरी तो वास जात नाही.

अण्णा म्हणाले, "हे तुम्ही स्टेजवर करा की. त्या प्रवेशात तुम्ही नुसत्याच बसताय." दुसऱ्या अंकात घर सोडायच्या आधी ती बाई डब्यातले पैसे मोजते. मी तोवर नुसतं मोजल्यासारखं करत होते. त्या रात्री खरं मोजलं, अंगठा थांबेपर्यंत. सर काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेतलं.

असं महिनाभर चाललं. त्यातल्या दोन रात्री मी विसरणार नाही.

एका रात्री मी त्यांना २०१६च्या नोव्हेंबरचं सांगितलं. जुन्या पाचशेच्या नोटा बदलून द्यायची परवानगी बँकांना आणि पोस्टाला होती, पतसंस्थांना नव्हती. एक आजी आल्या होत्या. सदतीस नोटा, इस्त्री केल्यासारख्या, पातळाच्या तुकड्यात बांधलेल्या. नातवाच्या हातानं मोजून घेतल्या होत्या त्यांनी. मी म्हटलं, आजी, मला घेता येत नाहीत, बँकेत जा. त्या म्हणाल्या, "तूच तर ओळखतीस मला." मी गठुळं परत बांधून दिलं. मागं रांग होती. बसलेल्या खुर्चीतून उठून मी त्यांच्याबरोबर बँकेच्या दारापर्यंत तरी जायला हवं होतं. गेले नाही. हे मी आठ वर्षं कुणाला बोलले नव्हते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. समजूत घातली नाही, "तुमचा काय दोष" म्हणाले नाहीत. चहाचा कप माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "गाठ कशी बांधली होती?" मी सांगितलं, दुहेरी. मग मला रडू आलं.

दुसरी रात्र त्यांची. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढत होतं, तेव्हा त्यांच्याकडं काही गल्ल्यांचा पुरवठा तोडायचं काम होतं. पाणी पेट्यांपर्यंत पोचायच्या आत बंद करायलाच लागतो, नाहीतर माणसं मरतात. "लोक गच्चीवरनं वरडत होती. एवढ्यात नको ओ, म्हातारं माणूस आहे घरात, म्हणून. मी हँडल वडलं. सगळं काळं. मग एका खिडकीत कुणीतरी मेणबत्ती लावली, ती तेवढी दिसायली. दोन-तीन सेकंद मी नुसता तिच्याकडंच बघत हुतो." जन्मभर दिवे लावले आणि त्या रात्री विझवले, असं काहीतरी ते म्हणत होते, पण वाक्य अर्धंच राहिलं. हॉलमधून सरांची हाक आली, "अण्णा, ताई, सुरू करायचं का?"

त्या तालमीपासून पहिल्या अंकाचा ब्लॅकआउट बदलला. अण्णांनी सरांना विचारलं आणि सगळा रंगमंच काळा झाल्यावर मागच्या खिडकीत एक बारीक पिवळा दिवा तीन सेकंद ठेवला. मग तोही गेला. डोळे मिटून मी तेच तीन आकडे मोजत होते.

पोरं आमच्याकडं बघून आपसात काही बोलायची, हे मला कळत होतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई आणि पन्नाशीचा माणूस रात्री दहाला जिन्यावर बसून बोलतायत, हे आमच्या गावात तालमीशिवाय कुठं चाललं असतं? बागेत नाही, हॉटेलात नाही, घरी तर नाहीच. मला त्यांच्याकडून ऐकून घेणाऱ्या कानापलीकडं काही नको होतं, त्यांनाही नको होतं. पण त्याला आपल्याकडं धड नाव नाही. म्हणून आम्ही त्याला ब्रेक म्हणत होतो.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात पहिला खेळ केला, त्याचा हा दिवस. हॉलमध्ये नटराजपूजन झालं, नारळ फुटला. प्रसादाचं खोबरं खाताना अण्णा म्हणाले, "प्रयोग झाला की हे जिनं रिकामं." मी काही बोलले नाही.

प्रयोग भावे नाट्यमंदिरात होता. मी रंगपटात तोंडाला मेकअप लावून बसले होते, तेवढ्यात अण्णांची मंडळी आल्या. हातात भडंगाचा डबा. आल्या, बसल्या, पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, "ताई, ते तुमच्यासंगं काय बोलत्यात ओ एवढं?"

रागानं विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. त्यांचा आवाज तसा नव्हता. "घरात आलं की जेवत्यात, टीव्ही लावत्यात, झोपत्यात. पंचवीस वर्सं झाली. मला वाटायचं ह्यांना बोलायलाच येत न्हाई."

मी त्यांना मिठाच्या पाण्याचा डिमर सांगितला. चकत्या, दोरी, म्हाताऱ्याची चव घ्यायची रीत. त्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "नववीत? म्हंजे लग्नाच्या लई आधी." मग मी पुराच्या रात्रीतली मेणबत्ती सांगितली. त्या एकदम सरळ बसल्या. "त्या रात्री ते भिजून आलं आणि देवापुढचा दिवा विझवून झोपलं. मी भांडले हुते त्यांच्याशी, अपशकून केला म्हणून." तिसरी घंटा झाली. उठताना त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि लगेच सोडला, मेकअप पुसेल म्हणून.

प्रयोग नीट झाला. ब्लॅकआउटमध्ये मी उतरले. खिडकीतला दिवा लागला, तेव्हा काळोखातून कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. कोण ते मला माहीत आहे असं मला वाटतं. निकालात आमचं नाव नव्हतं.

सामान टेम्पोत भरताना अण्णांनी लेव्हलच्या पायरीवरची एक पट्टी नखानं सोडवून माझ्या संहितेच्या फाइलवर चिकटवली. "ठेवा," एवढंच म्हणाले. त्यांची मंडळी टेम्पोपाशी उभ्या होत्या. अण्णा त्यांच्याकडं गेले, आणि टेम्पो निघाल्यावर ती दोघं गाडी हातात धरून रस्त्याच्या कडेनं चालत निघाली. चालू न करता. मी वळणापर्यंत बघत होते.

दोन दिवसांनी रात्री आमच्या गल्लीतले दिवे गेले. फाइल टेबलावर ट्यूबखालीच होती. अंधारात हे म्हणाले, "तिथं काय चमकतंय गं?"

मी चाचपडत जाऊन यांच्या शेजारी बसले.

"सांगते," म्हटलं. "पण तुम्ही आधी सांगा, दिवसभर दुकानात तुम्ही नक्की काय काय करता?"