आमच्या खानावळीची गोष्ट

मी स्वयंपाक शिकले मालवणात, आत्याच्या खानावळीत, आणि तोही पाट्यापासून. सहा महिने तिने मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. नारळ खवायचा, मिरच्या-धणे भिजवायचे, वाटायचं. वाटप झालं की ती चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळायची. "अजून कण लागतत. परत वाट." आज माझ्याकडे ग्राइंडर आहे, तरी चिमूट चोळून बघितल्याशिवाय मी वाटप टोपात घालत नाही. हाताखालच्या मुलींनाही तेच शिकवते.

पुढे चार वर्षं मुंबईत एका हॉटेलच्या किचनमध्ये काढली. मासा झटपट साफ करणं, सुरीला धार ठेवणं, ओटा लख्ख ठेवणं हे तिथलं शिक्षण, आणि ते फार मोलाचं आहे. पण सुरमई असो, कोळंबी असो की बांगडा, सगळ्यांना फ्रीजमधली एकच लाल ग्रेव्ही, हे मनाला पटेना.

बांगड्याचं तिखलंच घ्या. बांगडा तेलकट, वासाला उग्र, त्याला तिरफळं हवीतच. आतलं काळं बी काढून टाकायचं, टरफल नुसतं ठेचायचं आणि कढ आल्यावर शेवटी सोडायचं. वाटपात वाटलं तर कालवण कडू होतं. ताटात तिरफळ आलं तर बाजूला काढा, त्याचं काम झालेलं असतं. सोलकढीचं आगळ मात्र घरचं: मे महिन्यात रातांबे फोडून, मीठ लावून काढलेलं. त्यात आम्ही कसलाही रंग घालत नाही.

खानावळ सुरू केली त्या पहिल्या वर्षी एकदा बंदरावर बावटा लागला, होड्या गेल्याच नाहीत. त्यात बारा जणांची ऑर्डर सुरमईची. मी एका व्यापाऱ्याकडून बर्फातली आणली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या रापणकराने एक घास खाल्ला आणि तुकडी ताटात तशीच ठेवली. बोलला काहीच नाही. त्या दिवसापासून सकाळच्या लिलावात जे मिळेल तेच आमच्याकडे शिजतं. कल्ले उघडून बघते, लालभडक असतील तरच बोली लावते. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी घेत नाही. आज ते उचललं तर पुढच्या वर्षी माझ्याच टोपलीत काय येणार?

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा आमच्याकडे सुका बांगडा, खाडीतल्या तिसऱ्या, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी. सुरमई मागितलीत तर नाही म्हणेन, राग मानू नका. पावसात गरम भातावर पिठी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा एकदा खाऊन बघा.

सकाळी दहानंतर फोन केलात तर त्या दिवशी टोपलीत काय आलंय ते मी स्वतः सांगते.