पाच दिवसांची मॅच बघशील माझ्यासोबत?

रविवार, रात्री

तो: स्कोअरबुकच्या त्या पानाचा फोटो टाकशील? माझी एक ओव्हर बघायचीय.

ती: कुठली? ती दोन सिक्स बसलेली?

तो: चौथी गं. मेडन टाकलेली.

ती: नुसती मेडन नव्हती ती. मेडन असती तर ठिपके जोडून एम काढला असता. विकेट मेडनला डब्ल्यू काढतात. हे घे, झूम करून बघ.

तो: बघितला. सगळं पान पेन्सिलीने आणि हा एकटा डब्ल्यू हिरव्या पेनाने?

ती: पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

तो: आणि पुढच्या ओव्हरला आपोआप आलं?

ती: स्कोअररला उलटतपासणी करायची नसते.

तो: मग मी सरळ अपील करतो. हाऊज दॅट?

ती: अंपायर्स कॉल.

तो: म्हणजे स्टंपला थोडा का होईना, लागतोय! एवढं तरी कबूल केलंस.

ती: लागतोय, पण अर्ध्यापेक्षा कमी. झोप आता.

सोमवार, दुपारी

ती: एक गोष्ट सांगू? रन-अप घ्यायच्या आधी तू बॉल एका हातातून दुसऱ्या हातात उडवतोस. लेगब्रेक टाकायचा असेल तर एकदा. गुगली असेल तर दोनदा.

ती: नवीन बॅटरला तीन मिनिटांत खेळायला तयार राहावं लागतं. नाहीतर टाइम्ड आउट. तुला वीस मिनिटं झाली.

तो: मीटिंगमध्ये होतो. तुझा मेसेज वाचला आणि त्यानंतर तिथे कोण काय बोललं, काही डोक्यात शिरलं नाही. अगं, हे आपल्या टीममध्ये कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. कीपरच्यासुद्धा!

ती: कीपर बॉलकडे बघतो.

तो: आणि तू?

तो: तीन मिनिटं होत आली हं.

ती: मी हातांकडे बघते. बस?

तो: बस काय, आता पुढच्या रविवारी माझ्या हातातून बॉल सुटणारच नाही.

ती: सुटू दे. मला हिरवं पेन वापरायचंय.

तो: गुगली कुठे जन्मली माहितीये? टेबलावर. बर्नार्ड बोसान्क्वेट टेबलावर टेनिस बॉल टप्पा देऊन टाकायचा आणि समोरच्याला तो पकडता येणार नाही असा वळवायचा. ना पिच, ना पॅड. एक टेबल आणि समोर एक माणूस, एवढंच लागतं. दोन कप कॉफी असेल तर उत्तम.

ती: हा लेगब्रेक होता का रे?

तो: तू ओळख.

ती: दोनदा उडवलास. दिसलं मला.

मंगळवार, रात्री

तो: काल तू माझे हात उघडे पाडलेस, आता माझी पाळी. नेट्समध्ये तू लेट कट मारतेस ना, तेव्हा मी माझी बॉलिंग सोडून शेजारच्या नेटच्या जाळीला टेकून उभा असतो. बाकी सगळे बॉलवर धावून जातात. तू थांबतेस. बॉल आता कीपरकडे गेलाच असं वाटतं, त्या क्षणाला बॅटचा तोंडवळा फक्त जरासा उघडतेस. जोर शून्य. आणि मग बॉल कुठे गेला हे न बघता ग्लोव्हची पट्टी घट्ट करतेस. ते पट्टी घट्ट करणं मला फार आवडतं.

ती: ...

तो: काय झालं?

ती: काही नाही. हा मेसेज परत वाचतेय.

तो: वाच की. रिप्ले फुकट आहे.

ती: लेट कटला लोक रिस्की शॉट म्हणतात. मला नाही वाटत. त्यात फक्त घाई करायची नसते.

तो: तेच तर. म्हणून मीही आत्तापर्यंत घाई केली नाही.

ती: कसली घाई?

तो: 2004 ची सिडनी टेस्ट आठव. त्या सिरीजमध्ये सचिन ऑफ स्टंपच्या बाहेर आउट होत होता. सिडनीत त्याने ठरवलं, कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. बॉल समोर येत राहिले, तो सोडत राहिला. नाबाद 241. एवढा लाडका शॉट आणि दिवसभर हात आवरून धरला. तू स्कोअरबुक मिटून माझ्या शेजारी येऊन बसतेस तेव्हा माझं तसंच होतं. एक वाक्य असतं ओठांवर आणि मी ते सोडून देतो.

ती: त्याने सोडलं, कारण तो आउट होत होता. तू तर अजून एकदाही खेळला नाहीस.

तो: म्हणजे खेळू?

ती: बॉल टाकलाय मी. स्लो आहे, फुल लेंथ आहे, ऑफ स्टंपच्या बाहेर आहे. अजून किती सोपा देऊ?

तो: तू आवडतेस मला. स्कोअर लिहिताना, लेट कट मारताना, आणि माझी विकेट पडल्यावर मान खाली घालून आधी पेन्सिल फिरवतेस आणि मग हळूच वर बघतेस, तेव्हा तर जास्तच.

ती: 😶

तो: बाउंड्री गेली की कॅच झाला, तेवढं सांग. मी पिचच्या मध्यात उभा आहे.

ती: थांब. थर्ड अंपायर बघतोय.

ती: सगळे अँगल बघून झाले. फोर.

बुधवार, सकाळी

ती: रात्री झोप लागली का?

तो: नाही. तुला?

ती: मलाही नाही. म्हणून 1939 ची डरबन टेस्ट वाचत बसले. टाइमलेस टेस्ट. निकाल लागेपर्यंत खेळायचं असं ठरलेलं. दहा दिवस लोटले, इंग्लंडला 696 हवे होते, 5 बाद 654 झाले होते. 42 रन राहिले आणि तरी ड्रॉ, कारण त्यांना परतीची बोट पकडायची होती. मला इतकं वाईट वाटलं! मी असते तर बोट जाऊ दिली असती.

तो: हे वाक्य मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

ती: ठेव. मनापासून लिहिलंय.

तो: मग ऐक. पुढच्या गुरुवारपासून टेस्ट सुरू होतेय. पहिल्या दिवसाची दोन तिकिटं काढलीत, साइटस्क्रीनच्या बाजूची. स्पिनरचा हात नीट दिसेल अशी जागा मुद्दाम शोधली, कारण तुला हात बघायला आवडतात. पाच दिवसांची मॅच बघशील माझ्यासोबत?

ती: एका दिवसाची तिकिटं आणि आमंत्रण पाच दिवसांचं?

तो: बाकीची तू हो म्हणालीस की लगेच काढतो.

ती: पहिला दिवस नक्की. पुढचे चार पिच बघून ठरवू.

तो: पिच सध्या काय म्हणतंय?

ती: सकाळी थोडा ओलावा असतो, जरा जपून खेळायचं. लंचनंतर बॅटिंगला मस्त होतं.

तो: आणि टॉस तू जिंकलीस तर?

ती: बॅटिंग घेईन. आणि डिक्लेअर वगैरे अजिबात करणार नाही, आधीच सांगते.