दत्ताकाका आणि शोभामावशी यांना, सात नंबर बसच्या पालकांकडून

वाघबीळ, ठाणे
शुक्रवार, २४ एप्रिल २०२६

आदरणीय दत्ताकाका आणि शोभामावशी,
सप्रेम नमस्कार.

आज या वर्षाची शेवटची फेरी. रोज सकाळी साडेसहाला तुमच्याशी बोलायला आम्हाला अर्धा मिनिटही मिळत नाही. दप्तर चढवायचं, डबा विसरला नाही ना ते पाहायचं, हात हलवायचा, की बस निघाली. म्हणून हे पत्र लिहून आणलं आहे. सोसायटीच्या गेटपाशी ते वाचून दाखवू आणि मग तुमच्या हाती देऊ. लिहिणारी मी एकटी असले तरी मजकूर एकोणीस घरांचा आहे. प्रत्येकाने आपापली आठवण सांगितली, मी ती उतरवून घेतली.

आधी १८ ऑगस्टच्या सोमवारबद्दल. त्या दिवशीचा पाऊस ठाण्यात कुणीच विसरणार नाही. शाळा सुटली तेव्हा घोडबंदर रोडवर पाणी साचायला लागलं होतं आणि पुढच्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. काका, तुम्ही मानपाड्याच्या अलीकडे उंचावरची जागा बघून बस बाजूला घेतलीत आणि पुढे पाण्यात घालायची नाही असं ठरवलंत. मागून हॉर्न वाजत होते. इकडे ग्रुपवर आमच्यापैकी काही जण "अजून किती वेळ?" म्हणून अधीर झाले होते. तुम्ही कुणाच्याही घाईला बळी पडला नाहीत. मावशींनी एकेका घरी फोन करून "पोरं बसमध्ये आहेत, कोरडी आहेत, काळजी करू नका" एवढंच सांगितलं. त्या एका वाक्यावर आम्ही सव्वादोन तास काढले. टपरीवरून बिस्किटांचे पुडे तुम्ही स्वतःच्या पैशाने आणलेत, पाढे म्हणून घेतलेत, भेंड्या लावल्यात. मुलं उतरली ती "मावशी, उद्या पण असंच थांबू या" असं म्हणत. आम्ही गेटपाशी छत्र्या धरून उभे होतो आणि निम्म्या जणींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी तुम्हाला नीट आभार म्हणायचेही राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली आणि मग ते राहूनच गेलं.

एक चूक कबूल करायची आहे. जुलैत बस बारा मिनिटं उशिरा आली होती आणि आमच्यातल्या एकाने ग्रुपवर फार कडक शब्दांत लिहिलं. बाकीच्यांनी त्याला अडवलं नाही. नंतर कळलं की आधीच्या थांब्यावर एका छोट्याला उलटी झाली होती, मावशींनी त्याचे कपडे बदलून त्याला शांत केलं आणि त्याच्या आईला वर बोलावून त्याला तिच्या स्वाधीन केलं, मगच बस हलली. तुम्ही दोघांनी त्या लिहिण्याला एका शब्दानेही उत्तर दिलं नाहीत. ते लिहिणारे गृहस्थ आज इथे हजर आहेत. पण माफी त्यांच्या एकट्याची नाही, आमच्या सगळ्यांची आहे.

मावशी, मुलं उतरल्यावर तुम्ही शेवटच्या सीटपर्यंत चालत जाता आणि वाकून सीटखालीही पाहता, हे आम्हाला मुलांकडून कळलं. "मावशी बाटल्या शोधतात" असं ती सांगायची. खरं कारण आम्हाला नोव्हेंबरमध्ये समजलं. ज्युनिअर केजीची ईरा दोन सीटच्या मधल्या फटीत दप्तराला टेकून झोपली होती आणि तुम्हीच तिला उचलून आणलंत. त्या रात्री तिच्या आईला झोप लागली नाही. सकाळी ती थांब्यावर काही बोलू शकली नाही, नुसता तुमचा हात धरून उभी राहिली, आठवतं ना?

आणि आरुषच्या काकांचा तो प्रसंग. ते गावाहून आले होते, पुतण्याला आणायला हौसेने गेटवर गेले आणि तुम्ही मुलाला त्यांच्याकडे दिलं नाहीत. आरुष "माझे काका आहेत" म्हणत होता, तरी तुम्ही आधी त्याच्या आईला फोन लावलात आणि तिने होकार दिल्यावरच त्याला उतरवलंत. घरात थोडी कुरकुर झाली. आज ते काकाच सांगतात, "बाई बरोबर होत्या." लहान मुलांच्या बाबतीत असं ठाम राहायला धीर लागतो, आणि समोरच्याला राग आला तर येऊ द्यावा लागतो.

काका, तुमच्या गाडी चालवण्याबद्दल आम्ही काय लिहावं! सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिळवायचं काम, मेट्रोचे बॅरिकेड, त्यात अवजड गाड्या, आणि आज मोकळी असलेली लेन उद्या असेलच याची खात्री नाही. अशा रस्त्यावर वर्षभरात एकदाही करकचून ब्रेक लागला नाही, असं मुलं सांगतात. सप्टेंबरमध्ये मेट्रोची चाचणी झाली तेव्हा सगळी पोरं खिडकीकडे धावली. तुम्ही आरशात पाहून फक्त "बसा रे" म्हणालात, आणि सगळी बसली. घरी आम्ही दहादा सांगतो तेव्हा कुठे बसतात!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बस धुऊन, झेंडूची माळ घालून तुम्ही नारळ फोडलात आणि प्रत्येक मुलाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलात. त्या दिवसापासून आमची मुलं तिला "आपली बस" म्हणायला लागली.

तुम्ही कळव्याहून पहाटे चारला उठून निघता आणि मावशी लोकमान्य नगरहून पहिली बस धरतात, हे वर्षभर आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हा दोघांचा मे महिना बिनपगारी जातो, हे तर मार्चमध्ये कळलं. म्हणून सगळ्या घरांनी मिळून दोघांच्या नावाने एकेक पाकीट केलं आहे. त्यात तुमच्या मे महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आहे. कृपया याला बक्षीस समजू नका. पोरांसाठी तुम्ही ठेवलेल्या राखणीचं मोल यातून फिटणार नाही. पण मे महिन्यात घरखर्चाची ओढाताण तरी होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. सोबत मावशींसाठी साडी, काकांसाठी शर्टपीस आणि मुलांनी काढलेल्या चित्रांची वही आहे. वहीत बस बहुतेक सगळ्यांनी पिवळीच रंगवली आहे. फक्त ईराने निळी रंगवली, कारण मावशींची आवडती साडी निळी आहे.

सुट्टीत गावी जाणार असाल तर नीट जा, पुरेसा आराम करा. काका, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका. आमच्या इमारतीतल्या डॉक्टर मॅडमनी "मे महिन्यात कधीही या, पैशाचं बोलायचं नाही" असा निरोप दिला आहे.

जूनपासून थांबा हाच राहील. पाचवीत जाणारी चार मुलं मात्र दुपारच्या बसला जातील, त्यामुळे ती तुमच्याकडे नसतील. त्यातल्या सानिकाने तुमच्यासाठी खास निरोप दिला आहे. मावशींच्या मागची खिडकीची सीट चार वर्षं तिची होती. ती म्हणते, ती सीट रिकामी ठेवू नका, जी नवीन मुलगी पहिल्या दिवशी रडेल तिला द्या.

आपले कृतज्ञ,
सात नंबर बसचे सर्व पालक